चुकीचे उत्तर कसे लिहावे?

आठवीतल्या एखाद्या मुलाने पाठ उघडूनही पाहिलेला नसतो. तरी त्या पाठावरचे दहा बहुपर्यायी प्रश्न दिले, की त्याची सहा-सात उत्तरे बरोबर येतात. निव्वळ नशिबावर सोडले, तर चार पर्यायांच्या दहा प्रश्नांत दोन किंवा तीनच उत्तरे बरोबर यायला हवीत. मग बाकीची कुठून आली? त्याने कॉपी केलेली नाही आणि तो काही असामान्य हुशारही नाही. उत्तरे त्याला प्रश्नपत्रिकेनेच सांगितली. प्रश्न काढणाऱ्याने बरोबर पर्याय नीट विचार करून लिहिला आणि उरलेले तीन जागा भरण्यासाठी लिहिले. मुलाला एवढाच फरक ओळखायचा होता.

बहुपर्यायी प्रश्नाची सगळी मेहनत चुकीच्या पर्यायांत असते. रत्नागिरीच्या मुलांना ज्याची खूण रोज डोळ्यांना दिसते, असा एक पाठ हाती घेऊन ही मेहनत कशी करायची ते पाहू. बालभारतीच्या सातवीच्या भूगोलात ‘भरती-ओहोटी’ हा पाठ आहे. आठवीतली मुले एनएमएमएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा देतात, तिच्या शालेय क्षमता चाचणीत सातवीचा आणि आठवीचा भूगोल येतो. या चाचणीत ९० प्रश्न आणि ९० मिनिटे असतात. म्हणजे वाचायला, विचार करायला आणि गोल रंगवायला मिळून एका प्रश्नाला एक मिनिट. हे मिनिट मुलाने भरती समजून घेण्यात घालवावे, प्रश्नाची वाक्यरचना उलगडण्यात नव्हे.

उत्तर फुटते कुठून?

मराठीत उत्तर फोडणारी पहिली गोष्ट म्हणजे लिंग. हा प्रश्न पाहा: ‘भरती-ओहोटीला मुख्यतः कारणीभूत असणारा ______ होय.’ पर्याय आहेत हवा, पृथ्वी, चंद्र आणि लाट. ‘असणारा’ हा शब्द वाचताच तीन पर्याय गळून पडतात, कारण तिन्ही स्त्रीलिंगी आहेत. ज्याला मराठी येते, त्याला भूगोल यावाच लागत नाही. गाळलेल्या जागेचा प्रश्न उचलून त्याखाली चार पर्याय चिकटवले, की हे हमखास घडते. उपाय सोपा आहे. पूर्ण प्रश्न विचारायचा आणि चारही पर्याय एकाच प्रत्ययात ठेवायचे: ‘भरती-ओहोटी मुख्यतः कशामुळे होते?’ आणि खाली ‘वाऱ्यामुळे’, ‘चंद्राच्या आकर्षणामुळे’ असे.

दुसरी फट लांबीची. बरोबर पर्यायाला कोणी आक्षेप घेऊ नये म्हणून आपण त्यात ‘साधारणपणे’, ‘मुख्यतः’, ‘काही अपवाद वगळता’ असे शब्द भरत जातो. चुकीच्या पर्यायांची एवढी काळजी कोणी घेत नाही. तिथे ‘नेहमीच’, ‘कधीच नाही’ असे ठाम शब्द येतात. लांब आणि सावध वाक्य निवडायचे, हे मुले दोन-तीन सराव चाचण्यांत शिकतात. ‘वरीलपैकी सर्व’ हा पर्यायही असाच फसतो. तीनपैकी दोन विधाने बरोबर आहेत एवढे कळले, की तिसरे न वाचताच उत्तर मिळते.

रत्नागिरीच्या माणसाला चांगला चुकीचा पर्याय कसा असावा ते आंब्याच्या पेटीवरून चटकन कळेल. हापूसच्या पेटीत दुसऱ्या मुलखातला, तशाच रंगारूपाचा आंबा ठेवला, तर तो ओळखायला देठ, साल आणि वास यांची जाण लागते. पेटीत बटाटा ठेवला, तर कुणाचीच परीक्षा होत नाही. भरतीच्या प्रश्नातला ‘लाट’ हा पर्याय म्हणजे पेटीतला बटाटा नव्हे. पुष्कळ मुलांना लाट आणि भरती एकच वाटतात. मुद्दा एवढाच, की तो पर्याय लिंगावरून ओळखू येता कामा नये.

वाक्य नको, मुद्दा हवा

पाठ हातात घेतला, की ठळक अक्षरांतली वाक्ये शोधून त्यांतला एकेक शब्द काढून घेण्याचा मोह होतो. तसे केले तर पाठ पाठ आहे की नाही एवढेच तपासले जाते. त्याऐवजी पाठ मिटून कोऱ्या कागदावर लिहावे: हा पाठ कळलेल्या मुलाला काय करता येईल, जे न कळलेल्याला येणार नाही? भरती-ओहोटीच्या पाठाला मला याची तीन उत्तरे सुचतात. उद्याच्या भरतीची वेळ त्याला काढता येईल. अमावास्येला चंद्र दिसत नसूनही उधाण का येते, ते सांगता येईल. आणि लाट वेगळी, भरती वेगळी, हे एखाद्या प्रसंगावरून ओळखता येईल.

यातला पहिला मुद्दा घेऊ. दोन लागोपाठच्या भरतींत सरासरी १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते. हा आकडा पाठ करता येतो आणि ‘दोन भरतींमधील अंतर किती?’ असा प्रश्न विचारताही येतो. पण आकडा पाठ असलेल्या मुलाला तो कुठून आला हे माहीत असेलच असे नाही. पृथ्वी स्वतःभोवती २४ तासांत एक फेरी करते. तेवढ्या वेळात चंद्र आपल्या कक्षेत सुमारे १२ अंश पुढे सरकलेला असतो. एक अंश फिरायला पृथ्वीला ४ मिनिटे लागतात, म्हणून आपला किनारा पुन्हा चंद्रासमोर यायला आणखी सुमारे ५० मिनिटे लागतात. या २४ तास ५० मिनिटांत भरती दोनदा येते, म्हणून दोन भरतींमध्ये १२ तास २५ मिनिटे. हे ज्याला कळले, तो कुठल्याही दिवसाची वेळ काढू शकतो. प्रश्न इथूनच निघायला हवा.

चुकीची उत्तरे मुलांकडून घ्यायची

पर्याय लिहिण्याआधी तोच प्रश्न मुलांना पर्यायांशिवाय द्यावा. ‘मांडवीच्या किनाऱ्यावर आज सकाळी ८ वाजता भरती पूर्ण झाली, तर उद्या सकाळी किती वाजता होईल?’ हा प्रश्न फळ्यावर लिहून वह्या गोळा केल्या, की चुकीच्या पर्यायांचा माल आपोआप हाती येतो. टेबलाशी बसून मोठ्या माणसाला सुचणाऱ्या चुका मुले सहसा करत नाहीत. त्यांच्या चुका वेगळ्या असतात आणि त्यांच्यामागे नेहमी काहीतरी तर्क असतो.

काही मुले ८ वाजताच लिहितील. त्यांच्या डोक्यात भरती घड्याळाला बांधलेली आहे. चंद्राचे पुढे सरकणे त्यांनी धरलेलेच नाही. काहीजण ८ वाजून २५ मिनिटे लिहितील. त्यांना पाठातली २५ मिनिटे आठवतात, पण हे अंतर लगेचच्या संध्याकाळच्या भरतीपर्यंतचे आहे आणि सकाळपर्यंत ते दोनदा मोजावे लागते, हे सुटले आहे. एखादा ७ वाजून १० मिनिटे लिहील. ५० मिनिटे त्याला बरोबर मिळाली, पण भरती रोज उशिरा येते की लवकर, यात गोंधळ झाला. हे तीन चुकीचे पर्याय म्हणजे चुकण्याच्या तीन वेगळ्या वाटा आहेत. मुलाने कोणता गोल रंगवला यावरून तो कुठल्या वाटेवर अडला हे शिक्षकांना कळते.

इथेच स्पष्टीकरणाचे खरे काम सुरू होते. सरावसंचाच्या शेवटी उत्तरसूचीबरोबर जोडायचे म्हणून स्पष्टीकरण सगळ्यात शेवटी घाईने लिहिले जाते. माझे ठाम मत आहे, की ते पर्यायांच्या आधी लिहावे. प्रत्येक चुकीच्या पर्यायापुढे ‘मूल हे का निवडेल?’ याचे उत्तर एका वाक्यात लिहून पाहावे. ते लिहिता आले नाही, तर तो पर्याय फक्त जागा अडवतो आहे. याच प्रश्नात आणखी एक पर्याय म्हणून ‘११:१५’ सुचला, तर तिथे कोणते मूल कसे पोहोचेल हे सांगता येत नाही. मग तो पर्याय काढून टाकायचा.

---

चौकट: तयार झालेला प्रश्न

मांडवीच्या किनाऱ्यावर आज सकाळी ८ वाजता भरती पूर्ण झाली. भरतीच्या वेळांमधील सरासरी अंतर धरल्यास उद्या सकाळची भरती साधारण किती वाजता पूर्ण होईल?

(१) ७:१०  (२) ८:००  (३) ८:२५  (४) ८:५०

उत्तर: (४). दोन भरतींत १२ तास २५ मिनिटे जातात. आज सकाळपासून उद्या सकाळपर्यंत हे अंतर दोनदा येते, म्हणून २४ तास ५० मिनिटे.

(१) का नाही? ५० मिनिटे बरोबर आहेत, पण चंद्र पुढे सरकत असल्याने भरती रोज उशिरा येते, लवकर नाही.

(२) का नाही? पृथ्वीची फेरी २४ तासांत पूर्ण होते, पण तेवढ्यात चंद्र पुढे गेलेला असतो.

(३) का नाही? २५ मिनिटांचा उशीर आज रात्रीच्या भरतीला होतो. उद्या सकाळपर्यंत तो दुप्पट होतो.

---

प्रश्नातल्या दोन शब्दांमागे बराच विचार आहे. ‘सरासरी’ घातला नसता, तर प्रश्न खोटा ठरला असता. भरतीची वेळ रोज नेमकी ५० मिनिटांनी पुढे जात नाही. उधाणाच्या दिवसांत ती कमी सरकते आणि अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या भरतीच्या वेळी, तासाभराहूनही जास्त सरकू शकते. ‘साधारण’ हा शब्द मासेमारी करणाऱ्या घरांतल्या मुलांसाठी आहे. किनाऱ्यावर भरतीची वेळ तिथीला पाऊणने गुणून काढण्याची जुनी रीत आहे. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा, म्हणून सहाच्या सुमारास भरती. या रीतीने रोजचा फरक ४५ मिनिटे येतो. घरी असे शिकलेले मूल ८:४५ काढेल आणि पर्यायांत सर्वांत जवळचे ८:५० निवडेल. ते बरोबरच आहे. पण पर्यायांत ८:४० असते, तर त्या मुलाची विनाकारण कोंडी झाली असती. आकड्यांच्या पर्यायांत पुरेसे अंतर असावे, याचे कारण हेच. ते पर्याय चढत्या क्रमाने ठेवावेत. अर्थात क्रम पाळताना सगळ्या प्रश्नांची उत्तरे चौथ्याच जागी येऊ लागली, तर पूर्ण संच पुन्हा पाहावा लागतो.

पाठापेक्षा जास्त माहीत असलेले मूल

दुसरा मुद्दा अमावास्येचा. प्रश्न असा: ‘दर अमावास्येच्या सुमारास मोठी भरती येते, ती कशामुळे?’ बरोबर पर्याय: ‘चंद्र आणि सूर्य यांची ओढ एकाच रेषेत आल्यामुळे’. सूर्य चंद्राहून प्रचंड मोठा असला, तरी फार दूर असल्याने भरती उचलण्याची त्याची ताकद चंद्राच्या निम्म्याहून थोडी कमी पडते. ती चंद्राच्या ताकदीला जोडली जाते तेव्हा उधाण, आणि काटकोनात येऊन तिला आडवी जाते तेव्हा भांग.

चुकीचे पर्याय मुलांच्या अनुभवातूनच येतात. पहिला: ‘चंद्र नसल्याने सूर्याची ओढ एकटीच काम करत असल्यामुळे.’ न दिसणारा चंद्र आकाशात नसतोच, असे मानणाऱ्या मुलाला हा खराच वाटतो. दुसरा: ‘किनाऱ्याकडे जोरदार वारे वाहत असल्यामुळे.’ पावसाळ्यात मिऱ्याच्या बंधाऱ्यावर उधाणाचे पाणी आदळते तेव्हा वारा, लाटा आणि भरती सगळे एकत्र असते. ते पाहत वाढलेल्या मुलाने वाऱ्याला कारण ठरवले, तर नवल नाही. तिसरा: ‘चंद्र पृथ्वीच्या सर्वांत जवळ असल्यामुळे.’

या तिसऱ्या पर्यायाशी फार जपून वागावे लागते. चंद्र जवळ असताना भरती खरोखरच वाढते. चंद्राच्या जवळ-दूर होण्याचे चक्र सुमारे साडेसत्तावीस दिवसांचे आणि अमावास्येचे साडेएकोणतीस दिवसांचे, म्हणून दोन्ही गोष्टी कधी कधी एकत्रही येतात. प्रश्नात ‘दर अमावास्येच्या’ हे शब्द नसते, तर खगोलाची आवड असलेल्या मुलाने हा पर्याय निवडून आपल्याशी वाद घातला असता, आणि त्याचे म्हणणे रास्त ठरले असते. ‘दर’ या एका शब्दाने तो पर्याय निर्विवाद चुकीचा होतो. चुकीचा पर्याय अर्धवट जाणणाऱ्याला बरोबर वाटावा. पूर्ण जाणणाऱ्यालाही तो बरोबर वाटू लागला, तर प्रश्नाला दोन उत्तरे झाली. राज्य परीक्षा परिषद आधी अंतरिम उत्तरसूची जाहीर करते आणि आक्षेप मागवते, ते अशाच प्रश्नांसाठी.

‘सुमारास’ या शब्दाचीही एक गोष्ट आहे. पाठ सांगतो, की अमावास्या आणि पौर्णिमेला उधाणाची भरती येते. मिरकरवाड्यातल्या मुलाला घरी वेगळे दिसते. पाणी सर्वांत जास्त चढते ते पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी. समुद्राचे एवढे पाणी ओढीला लगेच प्रतिसाद देत नाही, त्याला उशीर लागतो. म्हणून ‘सर्वांत मोठी भरती कोणत्या तिथीला येते?’ असा प्रश्न विचारून पर्यायांत ‘पौर्णिमा’ आणि ‘द्वितीया’ दोन्ही ठेवले, तर आपण पाठ घोकणाऱ्याला गुण देऊ आणि समुद्र पाहणाऱ्याचे कापू. पाठाने सोपे करून सांगितलेली गोष्ट जिथे प्रत्यक्षापासून वेगळी पडते, तिथे चुकीचा पर्याय ठेवू नये.

स्पष्टीकरण लगेच का द्यावे?

मुलांना न दिसणारा एक धोकाही या प्रश्नांत आहे. विश्वासार्ह वाटणारे चुकीचे वाक्य वाचले, की त्यातले काही मनात राहते. हेन्री रोडिगर आणि एलिझाबेथ मार्श या मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये दाखवले, की बहुपर्यायी चाचणी दिल्यानंतर विद्यार्थी नंतरच्या परीक्षेत त्यातलेच चुकीचे पर्याय खरे म्हणून लिहितात. बरोबर उत्तर सांगितले, की हा परिणाम बराच कमी होतो, हेही पुढच्या अभ्यासात दिसले. म्हणजे आपण जितका पटण्याजोगा चुकीचा पर्याय लिहू, तितकी तो खोडून काढण्याची जबाबदारी वाढते. सरावसंच सोडवून झाल्यावर उत्तरसूची आठवड्याने वाटली, तर त्या आठवड्यात ‘८:२५’ मुलाच्या डोक्यात घर करून बसते.

स्पष्टीकरण छोटे हवे, पण ‘पाठ क्र. ३ पाहा’ एवढ्याने भागत नाही. ‘पर्याय (३) चुकीचा आहे’ हे तर मुलाला गुण गेल्यावरच कळले. त्याला हवे असते ते हे, की आपण बरोबर काय धरले होते आणि कुठे चुकलो. चौकटीतल्या पहिल्या पर्यायाचे स्पष्टीकरण ‘५० मिनिटे बरोबर आहेत, पण…’ असे सुरू होते ते त्यासाठीच.

वर्गात उतरवून पाहणे

प्रश्न चांगला झाला की नाही, हे मुलांच्या उत्तरांवरून ठरते. समजा ४० मुलांच्या वर्गात वरचा प्रश्न दिला आणि ७:१० हे २ मुलांनी, ८:०० हे ९ जणांनी, ८:२५ हे १२ जणांनी आणि ८:५० हे १७ जणांनी निवडले. बरोबर उत्तरे चाळीसपैकी सतरा, म्हणजे प्रश्न मध्यम कठीण. ८:०० आणि ८:२५ चांगले काम करत आहेत. ७:१० कडे जेमतेम दोघेच वळले, म्हणजे तो पर्याय कमजोर आहे. पाच टक्क्यांहून कमी मुले निवडतात तो पर्याय बदलावा, असा ढोबळ नियम आहे. आपला हा पर्याय बरोबर त्या सीमेवर आहे.

पुढची पायरी अधिक महत्त्वाची. पूर्ण चाचणीतल्या गुणांप्रमाणे मुलांचे क्रम लावायचे आणि वरची ११ व खालची ११ मुले घ्यायची, म्हणजे दोन्हीकडून साधारण २७ टक्के. वरच्या गटातल्या ९ आणि खालच्या गटातल्या २ मुलांनी ८:५० निवडले असेल, तर फरक ७ चा. त्याला ११ ने भागले की ०.६४ येते. ०.३ च्या वर आकडा आला, तर प्रश्न जाणणाऱ्याला न जाणणाऱ्यापासून वेगळे करतो असे मानतात. आकडा शून्याच्या खाली गेला, म्हणजे हुशार मुलेच जास्त चुकली, तर मुलांवर नव्हे, प्रश्नावर संशय घ्यावा. बहुतेक वेळा उत्तरसूचीत चूक असते किंवा दुसरा एखादा पर्यायही बरोबर ठरत असतो. मात्र ४० मुलांच्या वर्गात एका मुलाने गोल बदलला, तरी हा आकडा ०.०९ ने हलतो. म्हणून त्यावरून एकदम निकाल न देता दोन-तीन शाळांतल्या मुलांची उत्तरे एकत्र करावीत.

तीन पर्याय पुरेत का?

चौथा पर्याय सुचत नाही, ही प्रश्न काढणाऱ्या प्रत्येकाची अडचण असते. मायकेल रॉड्रिग्ज यांनी २००५ मध्ये आधीच्या ८० वर्षांतले संशोधन एकत्र तपासून निष्कर्ष काढला, की बहुतेक प्रश्नांना तीन पर्याय सर्वांत योग्य. चौथा आणि पाचवा पर्याय सहसा कोणी निवडत नाही, आणि तो वाचण्यात वेळ मात्र जातो. एनएमएमएसच्या उत्तरपत्रिकेत चार गोल असतात, तिथे चार द्यावेच लागतात. पण वर्गातल्या सरावासाठी ७:१० काढून तीनच पर्याय ठेवायला मी मुळीच कचरणार नाही. वाचलेल्या वेळात आणखी एक प्रश्न विचारता येतो.

एका पाठावर किती प्रश्न निघतात, असे पुष्कळदा विचारतात. भरती-ओहोटीच्या पाठावर, प्रत्येक चुकीच्या पर्यायाला कारण देता येईल असे प्रश्न मला सहा ते आठच काढता येतात. विसाचा आकडा गाठायचा ठरवले, की ठळक अक्षरांतली वाक्ये पुन्हा परत येतात. पाठातला एक भाग तर पर्यायांत बसतच नाही. सूर्य, चंद्र आणि पृथ्वी यांची अष्टमीची मांडणी मुलाला स्वतःला काढता येते का, हे चार आकृत्यांतून एक निवडायला लावून कळत नाही. बरोबर आकृती ओळखणे आणि कोऱ्या कागदावर चंद्र नेमका कुठे ठेवायचा ते ठरवणे, ही दोन वेगळी कामे आहेत. तेवढ्यासाठी कोरा कागदच द्यावा लागतो.